गाळा ठेवून धंदा विकला तर: सांगलीतल्या मसाल्याच्या युनिटचा हिशेब

प्रश्न: वय ६१, मिसेस ५७. सांगलीत आमचं मसाल्याचं युनिट आहे, वडिलांनी सुरू केलेलं, मी प्रोप्रायटर. गाळा २००१ साली जागा घेऊन बांधला. मुलगा पुण्यात नोकरीला, तो यात येणार नाही म्हणतो. ओळखीच्या एका व्यापाऱ्याने गाळा, मशिनरी, माल आणि नाव धरून १ कोटी ८० लाख सांगितलेत, काही रक्कम हप्त्याने देणार. बँकेचं सीसी कर्ज, म्हणजे कॅश क्रेडिट, २२ लाखांचं आहे. आमची शिल्लक २६ लाख. घराला महिना ७० हजार लागतात. पैसे एफडीत टाकू, की पुण्यात दोन फ्लॅट घेऊन भाडं खाऊ? आयुष्यभर पुरायला हवं. ताळेबंद सोबत पाठवलाय.

उत्तर:

फ्लॅट घेऊ नका. सगळे पैसे एफडीतही टाकू नका. पण त्याआधीचा प्रश्न असा की गाळा विकायचाच कशाला? मी तीस वर्षं याच भागातल्या छोट्या कारखानदारांची आणि दुकानदारांची कामं बघतोय. आयुष्यभराचं उत्पन्न ज्यांना नीट उभं करता आलं, त्यातल्या बहुतेकांनी धंदा विकला आणि जागा ठेवली. तुमच्या बाबतीत हे जमेल का, ते आकड्यांनीच बघू.

तुमच्या ताळेबंदावरून आणि त्या व्यापाऱ्याच्या बोलीवरून मी १ कोटी ८० लाखांचे साधारण असे भाग पाडले: गाळा आणि त्याखालची जागा ९५ लाख, कांडप आणि पॅकिंगची मशिनरी १८ लाख, माल २७ लाख, आणि तुमचं नाव, म्हणजे ब्रँड, गिऱ्हाईक आणि वडिलांची मिश्रणं, ४० लाख. ही फोड फक्त आपल्या वहीसाठी आहे, ती करारात घालायची नाही. त्याचं कारण पुढे येईल.

या चार भागांपैकी गाळा हाच एक असा आहे, जो तुम्ही काम थांबवल्यावरही कमावतो. मशिनरी झिजते, माल विकून संपतो, आणि नाव रोज राबणाऱ्या माणसाच्या हातात असेल तोवरच चालतं. म्हणून ते तिन्ही विकून टाकावेत आणि गाळा त्याच व्यापाऱ्याला भाड्याने द्यावा. त्याचाही यात फायदा आहे. त्याला ९५ लाख कमी उभे करावे लागतील, त्यामुळे हप्त्यांची गरजही कमी पडेल.

आता हातात काय पडेल ते बघू. धंद्याचे ८५ लाख येतील. तुमची येणी १६ लाख दिसतात, ती व्यापाऱ्याला देऊ नका, स्वतः वसूल करा. दोन लाख बुडीत धरून १४ येतील असं मी मानतो. एकूण झाले ९९ लाख. त्यातून सीसीचे २२ लाख फेडायचे, मिरची-हळदीच्या अडत्यांचे ९ लाख द्यायचे, आणि कामगारांचे. तुमच्याकडे अकरा माणसं आहेत, त्यातली काही फार जुनी. ग्रॅच्युइटीचा हिशेब दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून असतो. १५ हजार पगाराच्या आणि बारा वर्षं झालेल्या बाईचे एक लाख चार हजारांच्या आसपास होतात. सगळे मिळून ५ लाख धरा. ही रक्कम विक्रीआधीच हिशेबात घ्या, कारण घेणारा ती नंतर तुमच्या हप्त्यातून कापून घेतो आणि मग भांडण होतं.

राहिला कर. चालता धंदा एकरकमी विकला, म्हणजे ज्याला स्लम्प सेल म्हणतात तसा, आणि तो तीन वर्षांपेक्षा जुना असेल, तर सगळा नफा दीर्घ मुदतीचा धरला जातो. त्यावर साडेबारा टक्के कर बसतो. तुमच्या वहीत मशिनरी घसारा जाऊन ७ लाखांची आणि माल २५ लाखांचा आहे, म्हणजे ३२ लाख. ८५ मधून ३२ वजा केले की ५३ लाख नफा. एकूण उत्पन्न ५० लाखांच्या वर गेल्यामुळे कराच्या १० टक्के अधिभार आणि त्यावर ४ टक्के उपकर, सगळं धरून साडेसात लाखांच्या आसपास. करारात प्रत्येक मशीनची वेगळी किंमत लिहिलीत तर ही एकरकमी विक्री राहत नाही. मग मशिनरीवरचा नफा अल्प मुदतीचा होऊन तुमच्या स्लॅबने कर लागतो, आणि जीएसटीही मालाला आणि मशिनरीला वेगवेगळा लावावा लागतो. चालता धंदा जसाच्या तसा दिला तर त्यावर जीएसटी नाही. म्हणून करारात एकच आकडा हवा. गाळा बाहेर ठेवतोय हे आयकराच्या जाणकाराला आधी दाखवा आणि मसुद्यात असं स्पष्ट लिहा की गाळा भाड्याने मिळत असल्यामुळे धंदा एक दिवसही न थांबता पुढे चालणार आहे.

एक गोष्ट इथे बऱ्याच जणांना उशिरा कळते. पैसे तीन वर्षांत आले तरी कर ज्या वर्षी धंदा हस्तांतरित झाला त्याच वर्षी संपूर्ण भरायचा असतो. हप्ता बुडाला म्हणून आयकर खातं तुम्हाला सवलत देत नाही.

वकील, नोंदणी, ट्रेडमार्क नावावर करून देणं यांचे दीड लाख धरा. म्हणजे ९९ मधून २२, ९, ५, साडेसात आणि दीड असे ४५ गेले. उरले ५४ लाख. तुमचे २६ मिळवले की ८० लाख, आणि गाळा तुमच्या नावावर.

भाडं किती येईल? अशा गाळ्याला जागेच्या किमतीच्या पावणेपाच टक्क्यांच्या आसपास मिळेल असं धरतो, म्हणजे महिना ३८ हजार. वर्षाचे ४ लाख ५६ हजार होतात, पण मी ४ लाखच मोजतो. घरपट्टी, पत्रे बदलणं, मध्येच गाळा दोन महिने रिकामा राहणं, हे सगळं येतंच. पुण्यातल्या फ्लॅटचं गणित याच्या शेजारी ठेवून बघा. राहत्या घराचं भाडं किमतीच्या अडीच-तीन टक्क्यांच्या वर सहसा जात नाही. ५० लाखांच्या फ्लॅटवर आधी ७ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे साडेतीन लाख, जातात आणि हातात येतात महिना दहा-बारा हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स वजा. सांगलीत बसून पुण्यातला भाडेकरू सांभाळणं वेगळंच.

घराला वर्षाला ८ लाख ४० हजार लागतात. ४ लाख गाळा देईल. उरलेले ४ लाख ४० हजार या ८० लाखांतून यायला हवेत. मी त्यांची मांडणी अशी करेन.

तुमच्या नावावर सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये ३० लाख. एका माणसाला तेवढीच मर्यादा आहे. ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६१,५०० रुपये, वर्षाला २ लाख ४६ हजार. दोघांच्या जॉइंट नावावर पोस्टाची मासिक उत्पन्न योजना १५ लाखांची, ७.४ टक्क्यांनी महिन्याला ९,२५० येतील. रिझर्व्ह बँकेच्या फ्लोटिंग रेट बाँडमध्ये १० लाख. त्यांचं व्याज जानेवारी आणि जुलैत येतं आणि दर राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या दरापेक्षा ०.३५ टक्का जास्त असतो. ७.७ अधिक ०.३५ म्हणजे ८.०५ धरला तर वर्षाला ८० हजार. तिन्ही मिळून ४ लाख ३७ हजार झाले, म्हणजे गरज भागली. पैसे भरायच्या दिवशी त्या तिमाहीचे दर पोस्टात विचारून घ्या, ते सरकार बदलत असतं.

उरले २५ लाख. त्यातले ८ लाख आजारपण आणि अडीअडचणीसाठी दोन वेगळ्या बँकांत एफडी. दोन बँका अशासाठी की ठेव विमा एका बँकेत एका माणसाला व्याजासह ५ लाखांपर्यंतच मिळतो. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा लोकांच्या ठेवी कशा अडकल्या हे आपण पाहिलंय. पतसंस्थेला तर हा विमाच नाही. तुमच्या गल्लीतली पतसंस्था एक टक्का जास्त देते म्हणून धंद्याचे पैसे तिथे नेऊ नका, चेअरमन नात्यातला असला तरी.

शेवटचे १७ लाख साध्या इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या फंडात, एकदम नाही, दीड वर्षात थोडे थोडे घाला. ही रक्कम ऐकून तुम्ही दचकाल हे मला माहीत आहे. पण तिच्यावाचून बाकीची मांडणी दहा वर्षं टिकत नाही.

कारण असं. आज ८ लाख ४० हजार लागतात. खर्च वर्षाला ६ टक्क्यांनी वाढला, औषधपाणी धरून तो वाढतोच, तर अकराव्या वर्षी तेवढ्याच संसाराला १५ लाख लागतील. पोस्टाचं आणि बाँडचं व्याज मात्र ४ लाख ४० हजारांवरच थांबलेलं असेल. गाळ्याचं भाडं दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढवलंत तर ते ४ वरून साडेसहा लाखांवर येईल. म्हणजे अकराव्या वर्षी चार लाखांची तूट. ही तूट पहिल्या वर्षी शून्य असते, दुसऱ्या वर्षी ३० हजार, पाचव्या वर्षी सव्वा लाखाच्या पुढे. हळूहळू येते म्हणून ती दिसत नाही. माणूस एखादी एफडी मोडतो, मग दुसरी, आणि सत्तरीत लक्षात येतं की व्याज देणारं मुद्दलच कमी झालंय.

ती तूट भरायचं काम त्या १७ लाखांचं. सरासरी ९ टक्के वाढ धरली, आणि ही फक्त धारणा आहे, तर पहिली सहा वर्षं तूट काढूनही तो फंड वाढत जाऊन २३ लाखांपर्यंत पोचतो. मग उतरायला लागतो आणि पंधराव्या वर्षी संपतो. तेव्हा तुम्ही ७५ पूर्ण केलेले असाल, मिसेस ७१. हातात पोस्ट, बाँड आणि एफडीचे साठ-बासष्ट लाख असतील, आणि गाळा. त्या वेळी गाळा विकायचा की नाही ते ठरवा, आज नको.

आता गाळ्यासकट सगळं विकून सगळे पैसे एफडीत टाकले तर काय होतं, तेही मोजलं. नफा १ कोटी ४२ लाखांवर जातो, अधिभार १५ टक्के होतो, कर एकवीस लाखांच्या घरात. हातात तुमची शिल्लक धरून १ कोटी ६१ लाख. ७ टक्क्यांनी पहिल्या वर्षी सव्वाअकरा लाख व्याज येईल, म्हणजे खर्च भागून तीन लाख उरतील. म्हणून हा रस्ता सुरुवातीला फार बरा वाटतो. पंधरा वर्षांनी त्यातले १ कोटी ४० लाख उरतात आणि तेविसाव्या वर्षी काही उरत नाही. गाळा ठेवलेल्या मांडणीत पंधराव्या वर्षी, गाळ्याचा भाव एक रुपयानेही वाढला नाही असं धरलं तरी, एकूण मालमत्ता १ कोटी ५५ लाखांच्या आसपास असते. गाळा विकतानाचा कर काढला तर दोन्ही रस्ते जवळपास बरोबरीत येतात. पंधरा वर्षांत गाळ्याचा भाव थोडा जरी वाढला, तर तो सगळा फायदा तुमचा.

पुढे कधी गाळा विकलात तर एक सोय लक्षात ठेवा. जागा-इमारतीच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यातले ५० लाखांपर्यंत सहा महिन्यांत आरईसी, पीएफसी या सरकारी कंपन्यांच्या ठरावीक रोख्यांत घातले तर तेवढ्या नफ्यावर कर नाही. पैसे पाच वर्षं अडकतात आणि व्याज सव्वापाच टक्केच मिळतं. तरी पाच वर्षांचा हिशेब केला तर रोखे घेणारा पुढे राहतो. महिन्याच्या खर्चाला मात्र त्या व्याजाची मदत कमीच. शेडवर तुम्ही घसारा घेतला असेल तर त्या भागाचा कर वेगळा निघतो, ते तेव्हा बघावं लागेल.

वर्षाच्या कराची काळजी नको. भाड्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते. ती धरून तुमचं करपात्र उत्पन्न आठ-साडेआठ लाख होतं, आणि २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत सूट असल्यामुळे कर शून्य. विक्रीच्या वर्षी मात्र ही सूट त्या भांडवली नफ्याला लागत नाही.

आता या मांडणीतला खरा धोका. तुमचा घेणारा आणि तुमचा भाडेकरू एकच माणूस आहे. त्याचा धंदा बसला तर हप्ता आणि भाडं एकाच महिन्यात बंद होईल. म्हणून हप्ते शक्य तितके कमी ठेवा. ८५ पैकी किमान ७० लाख ताब्याच्या दिवशी बँकेतून, आणि बाकीचे १५ एका वर्षाच्या आत. गाळा घ्यायचा नाही म्हटल्यावर त्याला हे जमायला हवं. जमत नसेल, तर तो हा धंदा तुमच्याच पैशावर चालवू बघतोय असं समजा आणि थांबा.

माझ्याकडच्या एका बेकरीवाल्यांनी निम्मे पैसे हप्त्याने ठरवले होते. पाचव्या महिन्यात चेक परत आला. त्यांनी ओळखीतला माणूस म्हणून दोन महिने वाट पाहिली. चेक न वटल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते, नंतर १५ दिवस पैसे भरायला, आणि पुढच्या एका महिन्यात तक्रार. त्यांची मुदत गेली होती. तोवर ट्रेडमार्कही त्यांनी पहिल्याच दिवशी लिहून दिला होता. त्यांच्याकडे धरून ठेवायला काहीच उरलं नव्हतं. म्हणून तुम्ही ट्रेडमार्कचं हस्तांतरण शेवटच्या हप्त्याला बांधा, तोवर फक्त वापरायची परवानगी द्या. भाडेकरारात लिहा की हप्ता साठ दिवस थकला तर गाळा वापरायचा परवानाही संपतो. भाडेकरार लिव्ह अँड लायसन्सचा, नोंदणीकृत, पाच टक्के वार्षिक वाढीचा आणि सहा महिन्यांच्या डिपॉझिटचा करा. तुमची जीएसटी नोंदणी रद्द झाल्यावर या भाड्यावरचा जीएसटी नोंदणीकृत भाडेकरूच भरतो, त्याची चिंता तुम्हाला नाही.

गाळ्याचं वीजमीटर तुमच्याच नावावर राहील आणि बिल तो भरेल. महावितरणचं बिल दर महिन्याला तुम्ही मोबाइलवर बघू शकता. त्यातले पैसे नको, युनिट बघा. कांडप मशीन चालतं की नाही हे त्या आकड्याइतकं खरं कोणी सांगणार नाही. हंगामात गेल्या वर्षीच्या निम्मे युनिट आले, की भाडं थकायच्या तीन-चार महिने आधी तुम्हाला कळलेलं असतं, आणि दुसरा भाडेकरू शोधायला वेळ मिळतो.

मालाची मोजणी स्वतः उभं राहून करा. एका मसालेवाल्यांच्या ताब्याच्या दिवशी मी सकाळी सातला वजनकाट्याजवळ होतो. वहीत धण्याची चाळीस पोती होती. पोती फोडल्यावर अकरांना जाळी लागलेली निघाली. वरून पोतं अगदी चांगलं, हात आत घातला की धण्याची गुठळीच्या गुठळी बाहेर. घेणाऱ्याने तिथेच कराराचा कागद खिशात घातला. नंतर मिटलं, पण त्या अकरा पोत्यांपायी घेणाऱ्याने बाकीच्या मालावरही भाव पाडून घेतला. तेव्हा ताब्याच्या पंधरा दिवस आधी तुमची पोती तुम्हीच फोडून बघा, खराब माल बाजूला काढा. करारात मालाची वेगळी किंमत लिहू नका, मोजणीत माल ठरल्यापेक्षा जेवढा कमी-जास्त निघेल तेवढीच एकूण रक्कम खाली-वर होईल, एवढंच कलम घाला. शीतगृहातली ब्याडगी असेल तर पावत्यांवरचं वजन धरू नका. ओलावा उडून ती हलकी होते, पुन्हा तोलून घ्या.

रोख रकमेचा विषय निघेलच. थोडं वरून घेऊ, कर वाचेल, असं तो म्हणेल. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला, तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. आणि ते पैसे पोस्टातही ठेवता येत नाहीत, बाँडमध्येही नाहीत. आयुष्यभराच्या उत्पन्नाला त्या पैशाचा उपयोग नाही.

तुम्ही पुन्हा मसाल्याचा धंदा करणार नाही असं तो लिहून मागेल. एरवी असली अट आपल्या १८७२ च्या करार कायद्यात टिकत नाही. पण नाव विकताना ठरावीक भागापुरती, वाजवी असेल तर टिकते. म्हणून सही करण्याआधी जिल्हा की राज्य, तीन वर्षं की कायमचं, हे नीट वाचा. वहिनींना घरगुती गोडा मसाला ओळखीत द्यायची सवय असेल, तर तो अपवाद आत्ताच लिहून घ्या.

जीएसटीची मागची बाकी विक्रीनंतर निघाली तर ती तुमच्या आणि त्याच्या दोघांच्याही गळ्यात पडते. म्हणून तो पाच-सात लाख वर्षभर अडवून ठेवायला मागेल. ही मागणी रास्त आहे. फक्त ते पैसे त्याच्या खात्यात न राहता दोघांच्या सहीच्या एफडीत राहावेत. जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला आणि अजून वजा न केलेला कर, शिल्लक असेल तर नोंदणी रद्द करण्याआधी पोर्टलवर ITC-02 हा फॉर्म भरून ती शिल्लक त्याच्याकडे द्या, त्या फॉर्मला सीएचा दाखला लागतो. आधी नोंदणी रद्द केली तर ते क्रेडिट हातचं जातं. एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांच्या धंद्याचा, परवाना त्याने स्वतःच्या नावाने घ्यायचा आहे. तो हातात येईपर्यंत तुमच्या परवान्यावर त्याला माल काढू देऊ नका.

ताब्याची तारीख जूनच्या पहिल्या पंधरवड्यातली धरा. फेब्रुवारी ते एप्रिल मिरचीची खरेदी असते, मे अखेरपर्यंत उन्हाळी मसाल्याची विक्री. मार्चमध्ये ताबा दिलात तर पन्नास लाखांचा माल आणि वर चढलेली सीसी घेऊन तुम्ही मोजणीला उभे राहाल, आणि खरेदी कोणाच्या पैशाने करायची यावर वाद होईल. जूनमध्ये माल सर्वात कमी असतो, उधारी बरीचशी वसूल झालेली असते, आणि तो पुढच्या हंगामाची तयारी स्वतःच्या पैशाने करतो. आगाऊ कराचे जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्चचे हप्तेही त्या पैशांतून नीट भरता येतात. तोवर कराचे साडेसात लाख वेगळ्या खात्यात ठेवा, त्यातून मुलाच्या घराला हातभार वगैरे काही नको.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. ऑगस्ट २०१९ च्या आणि जुलै २०२१ च्या पुरात तुमच्या गाळ्यात कृष्णेचं पाणी आलं होतं का? आलं असेल तर माझा ९५ लाखांचा आणि ३८ हजारांचा आकडा दोन्ही खाली येतील. मग गाळा ठेवायचा की त्याच्याच गळ्यात घालायचा, हे नव्याने मोजावं लागेल. आलं नसेल तरी इमारतीचा आग आणि पुराचा विमा तुमच्याच नावावर चालू ठेवा. भाडेकरू फक्त त्याच्या मालाचा विमा काढतो. गाळ्याचा उतारा, बिगरशेतीचा आदेश आणि २०१९ नंतरची विम्याची कागदपत्रं पाठवा, म्हणजे हा शेवटचा भाग पक्का करून देतो.